कागद आले, काम कळलं नाही : शाखेतून ग्राहकाला उत्तर कसं लिहावं

कोल्हापुरातल्या कुठल्याही बँकेत नव्याने रुजू झालेल्या क्लार्ककडे थोड्याच दिवसांत शाखेचा ईमेल बघायचं काम येतं. त्यात एक प्रकार हमखास भेटतो. विषयाची ओळ रिकामी, मजकूर रिकामा आणि खाली चार-पाच स्कॅन जोडलेले. ग्राहकाच्या मनात काम स्पष्ट असतं, पण ते लिहायचं राहून गेलेलं असतं. अशा ईमेलला पहिलं उत्तर कसं जातं, यावर पुढचे हेलपाटे ठरतात. म्हणून एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत बघू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट शाखेत नेहमी घडणारी आहे.

करवीर तालुक्यातल्या वडणगे गावच्या एका बाईंचे कागद आले आहेत. पाच स्कॅन आहेत : बाईंचं आधार कार्ड, त्यांचं पॅन कार्ड, पासबुकचं पहिलं पान, त्यांच्या पतीचा मृत्यूचा दाखला आणि महावितरणचं लाईट बिल. ईमेल आला आहे लक्ष्मीपुरीतल्या एका झेरॉक्स दुकानाच्या पत्त्यावरून. फायलींची नावं `scan0001.pdf` पासून `scan0005.pdf` पर्यंत. बाकी एक अक्षर नाही.

आधी पाठवणारा कोण ते बघा

उत्तर लिहायला बसण्याआधी पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता ग्राहकाच्या नोंदीतल्या पत्त्याशी जुळतो का, ते सीबीएसमध्ये, म्हणजे बँकेच्या संगणक प्रणालीत, तपासायचं. आपल्या उदाहरणात तो जुळत नाही, कारण पत्ता दुकानाचा आहे. गावाकडून शहरात आलेली माणसं झेरॉक्सवाल्याला कागद देतात, शाखेचा ईमेल सांगतात आणि तो पाठवून देतो. यात कोणाचा काही वाईट हेतू नसतो. पण तुमचं उत्तर त्याच दुकानाच्या संगणकावर उघडणार आहे आणि दिवसभरात तिथं येणारं कोणीही ते वाचू शकतं, हे लक्षात ठेवून लिहायचं.

म्हणून नोंद नसलेल्या पत्त्यावर जाणाऱ्या उत्तरात खात्याबद्दल काहीच लिहायचं नाही. खाते क्रमांक नाही, त्याचे शेवटचे चार आकडेही नाहीत, शिल्लक नाही, ठेव आहे की नाही तेही नाही. 'आपले आमच्या शाखेत खाते आहे' एवढं वाक्यसुद्धा टाळायचं, कारण तीही बाहेरच्या माणसाला दिलेली माहितीच आहे. समोरच्याने जे पाठवलं, त्याची फक्त प्रकाराने पोच द्यायची : आधार कार्ड मिळालं, दाखला मिळाला. त्यावरचे नंबर किंवा नावं उत्तरात पुन्हा लिहायची नाहीत. उत्तर पाठवताना मूळ जोडपत्रं परत जात नाहीत ना, तेही बघायचं. 'फॉरवर्ड' केलं तर ती जातात, म्हणून 'रिप्लाय' वापरायचा.

इथे आणखी एक बारकावा आहे. कधी पत्ता नोंदीशी जुळतो, पण तो वारलेल्या खातेदाराचा असतो. घरातली माणसं त्याच्याच मोबाइलवरून ईमेल करत असतात. पत्ता जुळला म्हणून पाठवणारा कोण ते सिद्ध झालं, असं इथे धरता येत नाही. दाखल्यावर ज्यांचं नाव आहे त्यांच्याच पत्त्यावरून ईमेल आला असेल, तर तोही नोंद नसलेल्या पत्त्यासारखाच हाताळायचा.

कागद काय सांगतात आणि कुठे थांबतात

आता पाच कागद समोर ठेवून विचार करू. नव्या माणसाला इथे अंदाज बांधायचा मोह होतो. दाखला आहे म्हणजे मृत खातेदाराचा क्लेम असणार, असं वाटतं. पण याच पाच कागदांतून निदान चार वेगवेगळी कामं निघू शकतात आणि प्रत्येकाची वाट निराळी आहे.

खातं पती-पत्नीचं संयुक्त असेल आणि ते 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती' या पद्धतीचं असेल, म्हणजे आपण शाखेत ज्याला आयदर ऑर सर्व्हायवर म्हणतो ते, तर काम सोपं आहे. दाखला घेऊन वारलेल्या व्यक्तीचं नाव कमी करायचं आणि खातं हयात खातेदाराच्या नावावर पुढे चालू ठेवायचं. खातं संयुक्त असून दोघांच्या सह्यांनी चालणारं असेल, तर मात्र हयात खातेदारासोबत मृताच्या वारसांचाही प्रश्न येतो.

खातं पतीच्या एकट्याच्या नावावर असेल आणि बाई नॉमिनी असतील, तर ते क्लेमचं काम. त्यासाठी क्लेमचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचा ओळख व पत्त्याचा पुरावा पुरतो. नॉमिनीकडून किंवा हयात खातेदाराकडून वारस प्रमाणपत्र मागायचं नाही, रक्कम कितीही असो. रिझर्व्ह बँकेचं हे म्हणणं जुनं आहे आणि सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांतही ते कायम आहे. नॉमिनी नसेल तर काम लांबतं. तिथे वारसांची कागदपत्रं लागतात. रक्कम १५ लाखांपर्यंत, आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत असेल, तर सोप्या पद्धतीने दावा निकाली काढता येतो. त्यापुढे कागद वाढतात.

तिसरी शक्यता लाईट बिलामुळे उभी राहते, पत्ताबदलाची. बिल दोन महिन्यांपेक्षा जुनं नसेल तर पत्त्याचा तात्पुरता पुरावा म्हणून ते चालतं, पण नवीन पत्त्याचं अधिकृत कागदपत्र नंतर तीन महिन्यांत द्यावं लागतं. आपल्या उदाहरणात बिल पतीच्या नावाचं आहे. त्यामुळे बाईंच्या पत्त्यासाठी ते एकटं पुरेल असं धरून चालता येत नाही. चौथी शक्यता साध्या केवायसीची. आधार आणि पॅन आले की क्लार्कच्या डोक्यात पहिलं तेच येतं.

कागद इथवर सांगतात आणि थांबतात. पासबुकचं पान नीट स्कॅन झालेलं असतं तर कदाचित दोन्ही नावं दिसली असती, पण आपल्याकडच्या स्कॅनमध्ये पानाचा खालचा भाग कापला गेला आहे. सीबीएसमध्ये तुम्हाला खातं संयुक्त दिसतं आणि पद्धतही दिसते. त्यावरून अंदाज बळकट होतो, पण बाईंना काय हवंय ते अजूनही कळत नाही. संयुक्त खातं असलं तरी त्यांना ते बंद करून पैसे दुसऱ्या बँकेत न्यायचे असू शकतात. याच शाखेत पतीच्या एकट्याच्या नावावर ठेव असू शकते आणि त्यांच्या मनात तीच असू शकते. अंदाजावर काम सुरू केलं आणि तो चुकला, तर सुरळीत चालणाऱ्या खात्याला उगाच थांबा लागतो. उसाचं बिल जमा व्हायच्या दिवसांत हे झालं, तर त्या घराची फार अडचण होते.

अधिकाऱ्याला आजच सांगायची गोष्ट

काम कळलेलं नाही म्हणून ईमेल बाजूला ठेवून द्यायचा, असा याचा अर्थ नाही. मृत्यूचा दाखला शाखेत आला की खातेदार वारल्याची सूचना बँकेला मिळाली. त्यांच्या नावाचं एटीएम कार्ड आणि मोबाइल बँकिंग चालू राहू देणं धोक्याचं आहे. खातं एकट्याच्या नावावर असेल तर त्यातून पैसे काढणं थांबवावं लागतं. संयुक्त असेल तर हयात खातेदाराचे व्यवहार अडू नयेत हेही बघावं लागतं. काय थांबवायचं आणि काय चालू ठेवायचं हे क्लार्कने ठरवायचं नाही. दाखल्याची प्रिंट काढून, आवक रजिस्टरला नोंद घेऊन, त्याच दिवशी ती अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवायची आणि तोंडी सांगायचंही. ग्राहकाला उत्तर त्यानंतर लिहायचं.

हे स्कॅन स्वतःच्या फोनवर घ्यायचे नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर साहेबांना पाठवायचे नाहीत. त्यात पूर्ण आधार क्रमांक आहे. शाखेच्या यंत्रणेबाहेर तो कुठेही जाता कामा नये.

उत्तराचा मसुदा

उत्तर मराठीत लिहायचं, युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ग्राहकाच्या मोबाइलवर नुसती चिन्हं होऊन दिसतो. विषयाची ओळ भरायची, कारण झेरॉक्सवाल्याला दिवसभरात आलेल्या पन्नास ईमेलमधून तुमचा शोधून त्या बाईंना सांगायचा आहे. आपल्या उदाहरणासाठी मी असं लिहीन :

विषय : आपल्या ईमेलची पोच व एक विचारणा

मा. महोदय / महोदया,
सप्रेम नमस्कार.

आपला आजचा ईमेल शाखेला मिळाला. त्यासोबत पाच कागद आहेत : आधार कार्ड, पॅन कार्ड, पासबुकचे पहिले पान, मृत्यूचा दाखला आणि लाईट बिल. दाखला पाहून वाईट वाटले. आपल्या कुटुंबाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

हे कागद कोणत्या कामासाठी आहेत ते आमच्या लक्षात आले नाही, म्हणून कागदांत मागितलेले असे कोणतेही काम अजून सुरू केलेले नाही. खालीलपैकी काय व्हायला हवे आहे, तेवढे कृपया कळवावे.

अ) दोघांच्या नावावरील खात्यातून एक नाव कमी करून खाते पुढे चालू ठेवायचे आहे.
आ) दिवंगत व्यक्तीच्या एकट्याच्या नावावरील खात्यातील किंवा ठेवीतील रक्कम मिळवायची आहे.
इ) आपला स्वतःचा पत्ता किंवा इतर माहिती बदलायची आहे.
ई) यापेक्षा वेगळे काम आहे, किंवा नक्की सांगता येत नाही.

उत्तर म्हणून फक्त अ, आ, इ किंवा ई एवढे अक्षर लिहिले तरी चालेल. खाते क्रमांक, रक्कम, ओटीपी किंवा पिन कृपया ईमेलवर लिहू नये. बँक ओटीपी, पिन कधीही विचारत नाही.

काम कळले की कोणते मूळ कागद आणायचे त्याची यादी आम्ही एकदमच देऊ, म्हणजे आपल्याला पुन्हा हेलपाटा पडणार नाही. पासबुकच्या पानाचा खालचा भाग स्कॅनमध्ये आलेला नाही, पण तो आता पुन्हा पाठवण्याची गरज नाही. शाखेत येताना मूळ पासबुक आणावे. आपल्या सवडीने यावे, घाई नाही.

ईमेलऐवजी बोलणे सोयीचे असेल तर पासबुकवर छापलेल्या शाखेच्या दूरध्वनीवर कामकाजाच्या वेळेत फोन करावा आणि माझे नाव सांगावे.

आपला / आपली,
(नाव, पदनाम, शाखा)

मसुद्यातली वाक्यं अशी का आहेत

पोच देताना पाचही कागदांची नावं घेतली आहेत. ग्राहकाने दुकानात सहा कागद दिलेले असू शकतात आणि एक स्कॅन व्हायचा राहिलेला असू शकतो. नावं वाचली की तो त्याच्या लक्षात येतो. 'आपली कागदपत्रे मिळाली' एवढंच लिहिलं तर हे कळायला मार्ग उरत नाही.

'कोणतेही काम अजून सुरू केलेले नाही' हे वाक्य अनेक जण गाळतात, आणि पुढचे जास्तीत जास्त वाद त्यामुळेच होतात. पोच मिळाली की ग्राहक धरून चालतो की काम लागलं मार्गी. क्लेमच्या बाबतीत बँकेला सगळे कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा असतो. ग्राहक मात्र ईमेल पाठवला त्या दिवसापासून मोजत बसतो. अजून काही सुरू झालेलं नाही, हे पहिल्याच उत्तरात स्वच्छ लिहिलेलं असलं की दोघांचे दिवस एकाच तारखेपासून मोजले जातात. 'कागदांत मागितलेले असे' हे शब्दही मुद्दाम घातले आहेत. मृताचं कार्ड बंद करण्यासारखी सुरक्षेची कार्यवाही अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी केलेली असू शकते. आपण काहीच केलं नाही असं सरसकट लिहिलं तर ते खोटं ठरेल.

'आमच्या लक्षात आले नाही' यात न कळण्याची बाजू आपण स्वतःकडे घेतली आहे. 'आपण कामाचा प्रकार नमूद केलेला नाही' किंवा 'अर्ज अपूर्ण असल्याने विचारात घेता येत नाही' हीच माहिती देतात, पण घरात माणूस गेलेल्या बाईला त्यातून आपलंच काही चुकलं असं वाटतं. मग ती उत्तर द्यायचं सोडून शेजारच्या शिकलेल्या पोराला शोधत बसते. सौजन्य म्हणून 'कृपया' चार ठिकाणी घालायची गरज नाही. एकदोनदा आलं की पुरतं.

सगळ्यात जास्त विचार चार पर्यायांवर करायचा. त्यात 'डिलीशन ऑफ नेम', 'डिसीज्ड क्लेम', 'री-केवायसी' यांपैकी एकही नाव नाही. ग्राहकाला आपल्या कामांची नावं माहीत नसतात, पण शेवटी काय व्हायला हवं ते पक्कं माहीत असतं. म्हणून 'कोणती सेवा हवी' असं न विचारता 'काय व्हायला हवे' असं विचारायचं, आणि पर्यायही तसेच लिहायचे : खातं चालू राहायला हवं, रक्कम मिळायला हवी, पत्ता बदलायला हवा. कुठल्या खान्यात ते बसवायचं हे नंतर आपण बघायचं. पर्याय तीन-चारच ठेवायचे आणि ते समोरच्या कागदांतूनच निघालेले असावेत. बँकेच्या सगळ्या सेवांची यादी टाकली तर दुकानदार ती वाचून दाखवणार नाही. शेवटचा पर्याय 'नक्की सांगता येत नाही' हा ठेवायलाच हवा. तो नसला की गोंधळलेला ग्राहक पहिल्याच पर्यायावर बोट ठेवतो आणि आपण चुकीच्या वाटेने निघतो.

मसुद्यात काय नाही तेही बघा. दाखल्यावर आणि पासबुकावर पतीचं नाव वेगळ्या तऱ्हेने लिहिलेलं असू शकतं. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर, असं आपल्याकडे फार होतं. लाईट बिल पतीच्या नावाचं आहे. आधारवरचा पत्ता जुना असेल. या त्रुटी तुम्हाला दिसतात आणि लिहून टाकाव्यात असं वाटतं. त्या पहिल्या उत्तरात लिहू नयेत असं माझं ठाम मत आहे. काम कोणतं ते कळल्याशिवाय त्यांतली कुठली अडचण खरी आणि कुठली बिनकामाची, ते ठरत नाही. बाईंना पत्ता बदलायचाच नसेल तर लाईट बिलावर कोणाचं नाव आहे याने काहीच बिघडत नाही. पासबुकाचा कापलेला भाग मात्र सांगितला आहे, कारण कोणतंही काम असलं तरी पासबुक लागणारच.

सांत्वनाची दोनच छोटी वाक्यं आहेत आणि ती सुरुवातीला आहेत. 'आपल्या पतीच्या निधनाबद्दल' असं लिहिलेलं नाही, कारण ईमेल कोणी पाठवला हे अजून सिद्ध नाही. तो मुलानेही पाठवलेला असू शकतो. 'आपल्या सवडीने यावे' हेही विचार करून लिहिलं आहे. उत्तरकार्य व्हायच्या आत घरातली बाई बाहेर पडेल असं नाही, आणि नाव कमी करायला तेवढी घाईही नसते. कार्ड बंद करण्यासारखं तातडीचं काम त्यांच्या येण्यावाचून झालेलं असतं. बाई सत्तरीच्या पुढच्या असतील किंवा चालता येत नसेल, तर घरपोच सेवेची सोय आपल्या शाखेत कशी मिळते ते पुढच्या उत्तरात सांगायचं.

उत्तरात कुठलीही लिंक टाकायची नाही. फॉर्म जोडायचे तेही काम कळल्यावर.

फोन करताना

दुकानाच्या पत्त्यावर उत्तर गेलं, पण ते बाईंपर्यंत पोचेल याची खात्री नाही. म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एक फोन करायचा. नंबर सीबीएसमधल्या नोंदीतला घ्यायचा, ईमेलमध्ये कोणी दिलेला नाही. शाखेच्या लँडलाइनवरून, म्हणजे ०२३१ ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करायचा, आणि समोरच्याला शंका आली तर 'पासबुकवरचा नंबर बघून तुम्हीच फोन करा' असं आपणहून सांगायचं. हल्ली बँकेच्या नावाने फसवणारे इतके फोन येतात की शंका येणं योग्यच आहे. कागदावर 'आपण' शोभतं, फोनवर 'तुम्ही' आणि नात्याचा एखादा शब्द जास्त बरा.

बोलणं साधारण असं होतं :

"नमस्कार मावशी, बँकेच्या शाखेतून बोलतोय. तुमचे कागद ईमेलवर आलेत. फोनवर मी नंबर, ओटीपी काही विचारणार नाही. फक्त काम काय आहे तेवढं सांगा."

"खातं माझ्या नावावर करून पाहिजे बघा. पोरगं म्हणालं कागद पाठवून दे."

"खात्यावर तुमचं नाव आधीपासून आहे का, का नुसतं काकांचंच होतं?"

"दोघांचं हाय की. उसाचं बिल तिथंच येतंय."

"म्हणजे खातं हेच राहायला पाहिजे आणि बिल इथंच येत राहायला पाहिजे, बरोबर?"

"व्हय, तेवढंच."

"आणि लाईट बिल कशासाठी दिलंय? पत्ता बदललाय का?"

"न्हाई वो. दुकानदार म्हणाला, असू दे, लागतंय."

इथे क्लार्कने संयुक्त खातं असल्याचं स्वतःहून सांगितलेलं नाही, ते मावशींच्या तोंडून आलं. त्यांचं बोलणं नोंदीशी जुळलं, म्हणजे योग्य माणसाशी बोलतोय हा विश्वास थोडा वाढला. मग एक प्रश्न विचारून काम पक्कं केलं : खातं हेच राहायला हवं का? 'माझ्या नावावर करा' या एका मागणीत नाव कमी करणं, रक्कम दुसऱ्या खात्यात नेणं आणि क्लेम या तिन्ही गोष्टी मावू शकतात. उसाच्या बिलाचं कळलं म्हणून वाट ठरली. लाईट बिलाचा प्रश्नही मिटला.

काम कळल्यावरचं दुसरं उत्तर

आता यादी द्यायची, आणि एकदाच, पूर्ण. या कामासाठी मावशींनी आणायचं ते असं : नाव कमी करण्याचा अर्ज (तो शाखेतच मिळेल), मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत आणि एक झेरॉक्स, स्वतःचं मूळ आधार आणि पॅन, अलीकडचा फोटो, पासबुक, आणि काकांचं एटीएम कार्ड व उरलेलं चेकबुक सापडलं तर तेही. आधारच्या झेरॉक्सवर पहिले आठ आकडे झाकून फक्त शेवटचे चार दिसतील असं केलेलं चालतं का, ते अधिकाऱ्याला विचारून त्यांना कळवा. ज्यांना सरकारी अनुदान खात्यात घ्यायचं नाही आणि ज्यांचं आधार प्रमाणीकरण होणार नाही, त्यांच्या कागदावर पूर्ण क्रमांक ठेवायची गरज नसते. दुकानाच्या संगणकावर राहिलेल्या फायली पुसून टाकायला सांगा, असंही याच वेळी सुचवायचं.

मूळ कागद शाखेत बघितल्यावर झेरॉक्सवर 'मूळ पाहिले' असा शेरा, तारीख आणि सही पडते. नुसत्या स्कॅनवर नाव कमी करता येत नाही, म्हणून हा एक फेरा टळत नाही. या भेटीत दोन गोष्टी आपण काढायच्या. पहिली नॉमिनीची. आता खातं एकट्याचं होणार आहे, तर नवीन नॉमिनेशन भरून घ्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी करता येतात. दुसरी गोष्ट मुलाची. त्याचं नाव खात्याला जोडायचं असेल तर ते वेगळं काम आहे, त्याला स्वतःला केवायसीचे कागद घेऊन यावं लागतं. हे आधी सांगितलं तर दोघे एकाच दिवशी येतील.

ऊस काकांच्या नावाने जात असेल, तर बँकेत नाव कमी झाल्याने कारखान्याकडची नोंद बदलत नाही. त्यासाठी कारखान्याच्या गट ऑफिसला स्वतंत्र अर्ज लागतो. हे काम आपलं नाही, पण सांगायला एक मिनिट लागतं, आणि न सांगितल्यास पुढच्या हंगामात बिल अडल्यावर मावशी पुन्हा आपल्याच काउंटरवर येतात.

उत्तर आलंच नाही तर

तीन-चार दिवस थांबून पुन्हा फोन करायचा. तोही लागला नाही, तर नोंदीतल्या पत्त्यावर साध्या मराठीत पोस्टाने पत्र पाठवायचं. त्यातही वरचेच चार पर्याय, फक्त दाखल्याचा उल्लेख पाकिटावर किंवा बाहेरून दिसेल असा नको. प्रत्येक ईमेल, फोन आणि पत्राची तारीख आवक रजिस्टरच्या त्याच नोंदीपुढे लिहायची. बदली झाली किंवा तुम्ही रजेवर गेलात, तरी काउंटरवर बसलेल्या पुढच्या माणसाला 'हे कागद कशाचे?' असं मावशींना पहिल्यापासून विचारावं लागू नये. उत्तर नाही म्हणून कागद फेकायचे नाहीत आणि अंदाजाने काम उरकायचंही नाही. नोंदीपुढे 'कामाचा प्रकार ग्राहकाकडून कळायचा आहे' असा शेरा ठेवायचा आणि शेवटचा निर्णय अधिकाऱ्याच्या सहीने करून घ्यायचा.